अग्रलेख म्हणतो काय, आणि कशाच्या आधारावर?

अग्रलेखाचा सारांश लिहा म्हटले, की आमच्याकडची मुले कात्री काढतात. सारांश मूळ मजकुराच्या एक तृतीयांश असावा हे शाळेत ऐकलेले असते. मग प्रत्येक परिच्छेदातून एक-दोन वाक्ये उचलायची, की झाला सारांश! नांदेड आणि लातूर येथे स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मराठी शिकवताना अशा कितीतरी वह्या मी तपासल्या. त्यांत लेखातले सगळे असते. फक्त लेखकाला काय म्हणायचे आहे, तेवढे नसते.

म्हणून सरावासाठी मी स्वतःच एक लहानसा अग्रलेख रचला. विषय सगळ्यांच्या ओळखीचा, २०१६चा लातूरचा पाणीदुष्काळ. त्याची सुरुवात त्या एप्रिलात मिरजेहून आलेल्या पाण्याच्या रेल्वेने होते. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी. २०११च्या जनगणनेनुसार लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर. माणशी सव्वा लिटरच्या आसपास पाणी आले! पुढे कोरडे पडलेले मांजरा धरण येते, पाण्याच्या टाक्यांभोवती मार्चमध्ये लावलेले जमावबंदीचे कलम १४४ येते आणि मग ऊस. त्यानंतर एक वाक्य असे : ‘उसाला ठरलेला दर मिळतो, म्हणून शेतकरी ऊस लावतो, हे खरे, पण पाटाने पाणी देण्याची मुभा त्याला धोरणानेच दिली.’ आणि अगदी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात : ‘मांजरा खोऱ्यात ठिबकाशिवाय उसाला परवानगी नको.’

औसा तालुक्यातल्या एका मुलाने सारांश लिहिला : ‘लातूरच्या पाणीटंचाईला ऊस लावणारे शेतकरी जबाबदार आहेत.’ स्वतः ऊसकऱ्याचा मुलगा. वही पुढे करताना म्हणाला, ‘सर, पेपरवाले आमच्यावरच घसरतात.’ लेख त्याच्या वडिलांवर घसरलेला नव्हता. वाचनात मात्र तसे उतरले होते, आणि वर्गातल्या निम्म्या मुलांचेही तसेच झाले होते.

मी त्यांना एकच काम दिले. प्रत्येक वाक्याला विचारा, ‘हे सांगून लेखकाला काय हवे आहे?’ पाच लाख लिटर. बरे, मग? रेल्वेने शहराची तहान भागत नाही. बरे, मग? पाणी खोऱ्यातच वाचवले पाहिजे. मग? ठिबकाशिवाय ऊस नको. इथे ‘मग?’ संपते. जिथे ते संपते, ते लेखाचे प्रतिपादन; वाटेत भेटली ती सगळी त्याची प्रमाणे. उलट दिशेने ‘का?’ विचारत आलात, की तीच माळ पुन्हा हाती लागते.

पडताळा घ्यायचा तर आकडा बदलून पाहावा. पुढच्या गाड्यांना पन्नास वाघिणी होत्या, पंचवीस लाख लिटर पाणी. म्हणजे माणशी साडेसहा लिटर. लेखाची मागणी बदलली का? नाही. तेव्हा सारांशात आकडा हवाच असे नाही. ‘बाहेरून आणलेले पाणी अपुरे’ एवढे पुरते. ठिबकाचे वाक्य मात्र काढून पाहा. उरते ती नुसती बातमी.

‘हे खरे, पण’ ही मराठी अग्रलेखाची जुनी लकब आहे. ‘पण’च्या आधीचे बहुधा प्रतिपक्षाला दिलेले माप असते, लेखकाचे मत पुढे असते. औशाच्या मुलाची गफलत इथेच झाली. ‘पण’च्या पुढचे धोरण त्याने सोडले आणि आधीचा शेतकरी पकडला. दुसरी अडचण प्रश्नाची. ६ जुलै १८९७च्या ‘केसरी’त टिळकांच्या अग्रलेखाचे शीर्षकच होते ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आकार प्रश्नाचा, आशय ठाम विधानाचा. सारांशात असला प्रश्न विधान करूनच लिहावा लागतो.

शेवटी वर्गाने मिळून लिहिले ते असे : ‘मांजरा खोऱ्यात ठिबकाशिवाय उसाला परवानगी देऊ नये, असे अग्रलेखाचे म्हणणे आहे. रेल्वेने आणलेले पाणी शहराला अपुरे पडते आणि धरण कोरडे पडले, हे आधार तो देतो. शेतकऱ्याची आर्थिक अडचण मान्य करून दोष तो धोरणाला देतो.’ तीन वाक्ये. ‘असे अग्रलेखाचे म्हणणे आहे’ हे शब्द गाळले, की लेखकाचे मत सारांश लिहिणाऱ्याच्या गळ्यात पडते.

एका मुलीने मग विचारले, ‘सर, मांजराचे किती पाणी उसाने घेतले, ते लेखात कुठे आहे?’ कुठेच नव्हते. ते मी मुद्दामच ठेवले नव्हते. दोघा-तिघांनी आपल्या मनाने ‘बहुतांश पाणी ऊस पितो’ असे वाक्य सारांशात घातले होते. ते खोडायला लावले. लेखात नसलेले प्रमाण सारांशाने पुरवायचे नसते. हवी तर खाली वेगळी ओळ टाकून आपली शंका लिहावी. त्या मुलीने तशी लिहिली, आणि ऊसकऱ्याच्या पोराने ती आपल्या वहीत उतरवून घेतली.