कृतीमागे कारणं असली म्हणून जबाबदारी सुटत नाही

तुझा आक्षेप आधी नीट मांडतो. आपल्या जन्माआधी काय घडलं ते आपल्या हातात नव्हतं आणि निसर्गाचे नियमही आपल्या हातात नाहीत. या दोहोंतून आपली प्रत्येक कृती ठरत असेल, तर कृतीही आपल्या हातात नाही. मग दोष कुणाला आणि कशाचा द्यायचा? पीटर व्हॅन इनवॅगन यांनी १९८३ साली आपल्या पुस्तकात हाच युक्तिवाद काटेकोरपणे मांडला. तो वजनदार आहे. तरी नियततावाद आणि जबाबदारी एकत्र नांदू शकतात असं सुसंगतवादी मानतात. या वादातले चार गैरसमज आधी दूर करू.

गैरसमज १ : सगळं ठरलेलं असेल तर विचार करणं व्यर्थ आहे.

वस्तुस्थिती : हा दैववाद झाला. काहीही केलं तरी जे व्हायचं तेच होणार, असं दैववाद म्हणतो. नियततावादाचं म्हणणं वेगळं आहे: जे होतं ते कारणांमुळे होतं, आणि तुझा विचार हेही त्यातलंच एक कारण आहे. अभ्यास केल्यामुळे तू पास होणार असशील, तर अभ्यास न करता पास होशील असा त्याचा अर्थ होत नाही.

गैरसमज २ : सुसंगतवादी कार्यकारणाच्या साखळीत माणसासाठी एक फट ठेवतात.

वस्तुस्थिती : अशी फट त्यांना नको आहे. डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकातच दाखवलं होतं की कृती कर्त्याच्या स्वभावातून आणि हेतूंतून निघाली नसेल, तर तिच्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. मेंदूत निव्वळ योगायोगाने काही घडलं आणि हात उचलला गेला, तर त्या योगायोगामुळे तू जास्त जबाबदार ठरत नाहीस. उलट ती कृती तुझी उरतच नाही.

गैरसमज ३ : दुसरं काही करणं शक्यच नसेल, तर जबाबदारी नाही.

वस्तुस्थिती : हे तत्त्व उघडच खरं वाटतं, पण हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९६९ साली त्याला आव्हान दिलं. त्यांच्या धर्तीवर एक प्रसंग घे. एक माणूस शेजाऱ्याचं घर पेटवायचं ठरवतो. त्याच्या नकळत कुणीतरी त्याच्या मेंदूत यंत्र बसवलेलं आहे. तो कचरला, तर ते यंत्र त्याला घर पेटवायला लावेल. पण तो कचरत नाही. आपल्याच द्वेषापोटी तो आग लावतो आणि यंत्र शेवटपर्यंत बंदच राहतं. घर पेटणं टळणार नव्हतं, तरी दोष त्याचाच आहे.

यावर तू म्हणशील, निदान कचरणं तरी त्याला शक्य होतं. असेल. पण त्याला दोष देताना आपण त्या निसटत्या शक्यतेकडे पाहत नाही. त्याने हे का केलं, हे आपण पाहतो.

गैरसमज ४ : कारण सापडलं की माफी द्यावीच लागते. आज मेंदूत गाठ असलेल्याला, तर उद्या प्रत्येकाला.

वस्तुस्थिती : कॅनडातल्या केनेथ पार्क्स यांचा खटला पाहा. १९८७ मध्ये ते रात्री उठले, सुमारे २३ किलोमीटर गाडी चालवत सासुरवाडीला गेले, सासूचा जीव घेतला आणि सासऱ्यांना गंभीर जखमी केलं. त्यांचे दोघांशी चांगले संबंध होते आणि हेतू काही सापडला नाही. हे सगळं झोपेत घडलं, हा बचाव ज्यूरीने मान्य करून त्यांना निर्दोष सोडलं. १९९२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

आता त्यांच्याशेजारी वारशासाठी थंड डोक्याने खून करणारा जावई उभा कर. नियततावाद खरा असेल, तर दोघांच्या कृती सारख्याच ठरलेल्या आहेत. म्हणजे पार्क्स सुटले ते त्यांच्या कृतीमागे कारण होतं म्हणून नव्हे. मग कशामुळे? जॉन मार्टिन फिशर आणि मार्क रविझा यांच्या उत्तराचा गाभा असा: त्या रात्री पार्क्स यांची कृती ज्या यंत्रणेतून निघाली, तिला कारणं कळत नव्हती. सासूने विनवणी केली असती किंवा दारात पोलीस उभा असता, तरी त्या गोष्टी कारणं म्हणून तिच्यापर्यंत पोचल्या नसत्या. वारस जावयाचं तसं नव्हतं. पकडले जाण्याची खात्री असती, तर त्याने बेत बदलला असता. त्याची यंत्रणा कारणं ओळखत होती आणि त्यांनुसार बदलू शकत होती. मेंदूतल्या गाठीबाबतही प्रश्न हाच: गाठ आहे का एवढ्यावर भागत नाही, तिने ही क्षमता किती बिघडवली ते तपासावं लागतं.

इथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे. डर्क पेरेबूम विचारतात: शास्त्रज्ञांनीच एखाद्याच्या मेंदूत अशी शाबूत यंत्रणा आणि खुनाची इच्छा रुजवली असेल, तर? त्याला आपण दोषी धरायला कचरतो. मग परिस्थितीने घडवलेला माणूस त्याच्याहून वेगळा कसा? ती यंत्रणा माणसाने स्वतःची म्हणून स्वीकारलेली असावी लागते, असं फिशर आणि रविझा म्हणतात. त्यावरचा वाद मिटलेला नाही. माझ्या मते, यंत्रणा कारणं ओळखू शकते, एवढ्या आधारावर गुन्हेगाराला निव्वळ यातना भोगायला लावणं समर्थनीय ठरत नाही. पण जाब विचारणं, दोष देणं, भरपाई मागणं आणि पश्चात्तापाची अपेक्षा ठेवणं ठरतं.

म्हणून माझं मत खोडायचं असेल, तर कृतीमागे कारणं होती एवढं सिद्ध करून भागणार नाही. नियततावाद खरा असेल तर कारणं समजून वागण्याची क्षमता कुणातच उरत नाही, हे तुला दाखवावं लागेल.