सेलमचा दाणा, एकादशीची खिचडी

आषाढी एकादशीला आपण जी साबुदाण्याची खिचडी खातो, तिच्यातला एकेक जिन्नस बाजूला काढून त्याचे मूळ गाव विचारले, तर मोठी गंमत होते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा ब्राझीलकडचा. बटाटा अँडीज पर्वतातला, पेरू-बोलिव्हियाकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचाच आणि मिरची मेक्सिकोच्या बाजूची. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा यातले काहीही भारतात पिकत नव्हते. उरले तूप, जिरे आणि मीठ, तेवढेच जुने. खिचडीशेजारी रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू असेल, तर तीही मंडळी मुळात अमेरिकेचीच. वर्षातले सर्वांत सोवळे ताट, आणि त्यावर एवढी समुद्रापलीकडची गर्दी!

हे झाले कसे? उपवासाचा नियम काय खावे यापेक्षा काय खाऊ नये हे जास्त ठामपणे सांगतो. तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी ही रोजची धान्ये वर्ज्य. कंद, फळे, दूधदुभते चालते. वर्ज्य ठरवायचे ते माहितीतलेच जिन्नस असणार. जे तेव्हा या देशात नव्हतेच, त्याला मनाई करणार कोण? बटाटा आणि रताळे कंदांच्या रांगेत सुरणाशेजारी जाऊन बसले. शेंगदाण्याची गोष्ट जास्त मजेची आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो तूर-हरभऱ्याचा भाऊबंद, म्हणजे खरे तर वर्ज्य. पण शेंग जमिनीखाली धरते म्हणून कंदांबरोबर त्यालाही प्रवेश मिळाला असावा, असा माझा अंदाज आहे. हळद मात्र इथलीच असून बऱ्याच घरांत उपवासाला चालत नाही.

साबुदाण्याची वाट याहून वळणाची. आज आपण ज्याला साबुदाणा म्हणतो, तो मूळचा साबुदाणा नव्हेच. मूळचा साबुदाणा मलाया आणि इंडोनेशियाच्या दलदलीत वाढणाऱ्या सागो नावाच्या ताडाचा. हे झाड फुलोऱ्यावर येण्याच्या बेताला तोडतात, बुंधा उभा चिरतात, आतला गर कुटून पाण्यात धुतात आणि तळाशी बसलेले सत्त्व वाळवतात. तेराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रा बेटावर गेलेल्या मार्को पोलोने झाडातून निघणाऱ्या या पिठाचे वर्णन करून ठेवले आहे. त्याचे मोत्यासारखे दाणे करण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात मलाक्का आणि सिंगापूरच्या चिनी कारखानदारांनी वाढवला. हे दाणे जहाजाने भारतात येत. पचायला हलके म्हणून ते आजाऱ्याचे अन्न मानले जाई. तापातून उठलेल्याला साबुदाण्याची पेज देण्याची रीत अजून आहे. जे हलके, जे धान्य नव्हे आणि जे दुधात शिजवता येते, ते उपवासाला चालवून घेणे फार अवघड गेले नसावे.

दरम्यान कसावा केरळात पोचला होता. पोर्तुगीजांनी तो आफ्रिकेत आणि आशियात नेला. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांना वनस्पतींचा मोठा नाद. त्यांनी या पिकाला मुद्दाम उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तेव्हा याच कंदाने त्रावणकोरच्या गरिबांची पोटे भरली. केरळात त्याला कप्पा म्हणतात आणि उकडून तिखटजाळ माशाच्या कालवणाबरोबर खातात. उपवासाशी त्याचा तिथे काडीचा संबंध नाही.

त्याच युद्धाने आपल्या खिचडीचेही नशीब पालटले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि तिकडून येणारा माल थांबला. तमिळनाडूतल्या सेलम भागात १९४३ च्या सुमारास कसाव्याच्या सत्त्वापासून तसेच दाणे घरगुती पद्धतीने करायला सुरुवात झाली. झाड बदलले, खंड बदलला, पण रंगरूप आणि नाव तेच राहिले, त्यामुळे आपल्या स्वयंपाकघरात कोणाला पत्ताही लागला नाही. पुढे सेलममध्ये शेकडो कारखाने उभे राहिले, १९८१ मध्ये उत्पादकांची ‘सॅगोसर्व्ह’ ही सहकारी संस्था निघाली आणि २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. गंमत अशी की तमिळ घरात या दाण्याचे, म्हणजे जव्वरिसीचे, पायसम होते आणि वाळवणाचे वडाम होतात. खिचडी ते करत नाहीत. त्यांचा मोठा गिऱ्हाईक महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात, म्हणजे उपवास करणारा मुलूख.

दाणा होतो कसा, हे एकदा कळले की खिचडी का बिघडते तेही कळते. शेतातून उपटलेला कसावा दोन-तीन दिवसांत काळा पडू लागतो, म्हणून तो लगेच कारखान्यात न्यावा लागतो. तिथे साल काढून, धुऊन, किसून त्याचे दूध काढतात. या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. किसण्याधुण्यात ती बहुतांशी निघून जातात. दूध गाळून हौदात निवत ठेवले की सत्त्व तळाशी घट्ट बसते. हे ओलसर सत्त्व मोकळे करून झोळीसारख्या हलत्या कापडात घालतात आणि हेलकावे देत राहतात. लोळता लोळता पिठाच्या गोळ्या होतात, मग त्या चाळणीने लहान-मोठ्या वेगळ्या करायच्या. पुढची पायरी महत्त्वाची. ओल्या गोळ्या तापलेल्या तव्यांवर परततात, त्यामुळे बाहेरचा थर शिजून कवच धरतो आणि आतले सत्त्व बरेचसे कच्चेच राहते. मग उन्हात वाळवण. परतण्याऐवजी वाफवले तर दाणा काचेसारखा होतो. तो ‘नायलॉन’ साबुदाणा, चिवड्याचा. त्याची खिचडी करायला जाऊ नये.

म्हणजे आपल्या हातात येतो तो बाहेरून शिजलेला, आतून कच्चा आणि वरून सुट्टी भुकटी लागलेला गोळा. खिचडीचा गचका होतो तो मुख्यतः या भुकटीमुळे आणि जादा पाण्यामुळे. कसाव्याच्या सत्त्वाला भातापेक्षा फार चिकटपणा असतो. मोकळे पाणी आणि आच एकत्र आली की त्याची खळ होते आणि सगळे दाणे एकमेकांना धरतात.

एक वाटी साबुदाणा घेऊ. दोन-तीन पाण्यांतून हलक्या हाताने धुवावा, चोळू नये. पांढरे पाणी जाऊन जवळजवळ स्वच्छ पाणी आले की भुकटी गेली. सगळे पाणी निथळून टाकावे आणि मग मोजून अर्धी ते पाऊण वाटी पाणी घालावे, दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने येईल इतके. रुंद पातेले असेल तर सगळ्या दाण्यांना सारखे पाणी मिळते. उभ्या डब्यात खालचे दाणे लगदा होतात आणि वरचे टणक राहतात. झाकून रात्रभर, नाहीतर निदान चार-पाच तास ठेवावे. दाण्याच्या जातीप्रमाणे पाणी कमी-जास्त लागते, म्हणून घड्याळापेक्षा बोटांवर विसंबावे. दाणा चिमटीत दाबला की सहज चपटा झाला पाहिजे आणि मधे खडा लागता कामा नये. खडा लागला तर दोन चमचे पाणी शिंपडून अर्धा तास थांबावे. हात ओला होत असेल तर दाणे पंचावर पसरून ठेवावेत. ही कसर कढईत भरून निघत नाही.

आता अर्धी ते पाऊण वाटी शेंगदाण्याचे कूट, तेही जाडसर. ते मीठ आणि चमचाभर साखरेसह साबुदाण्यात आधीच कालवायचे. कुटाचे काम नुसते चवीचे नाही. ते प्रत्येक दाण्याभोवती बसते, वरची ओल शोषून घेते आणि त्याचे तेल दाण्यांना एकमेकांपासून अलग ठेवते. कूट फार बारीक केले तर त्याचा उलट चिकटा होतो. कढईत दोन मोठे चमचे तूप तापवून जिरे आणि मिरच्यांचे तुकडे घालावेत, मग बटाट्याच्या पातळ फोडी पूर्ण शिजवून घ्याव्यात; साबुदाणा आत गेल्यावर बटाटा शिजायची वाट पाहणे म्हणजे खिचडीचे मातेरे. साबुदाणा घातला की आच मध्यम, उलथणे तळापासून. दोन-तीन मिनिटांत दाणे काठापासून पारदर्शक होऊ लागतात. एकदाच झाकण, मिनिट-दोन मिनिटे. बहुतेक दाणे काचेसारखे झाले आणि काहींच्या पोटात पांढरा ठिपका दिसत असतानाच खाली उतरवावे, कारण कढईची ऊब पुढचे काम करते. झाकण जास्त वेळ ठेवले तर वाफेचे पाणी परत दाण्यांवर पडते आणि रात्रभराची मेहनत वाया जाते.

गार खिचडी दगडासारखी का होते, तेही याच सत्त्वात आहे. शिजलेले सत्त्व निवताना पुन्हा घट्ट बांधले जाते. दुधाचा हबका मारून वाफवली की बरीच मऊ येते. चुकून गचका झालाच तर उकडलेला बटाटा आणि आणखी कूट घालून वडे थापावेत. वड्यांत मात्र कमी भिजलेला दाणा जाऊ देऊ नये. त्याच्या आत अडकलेली ओल गरम तेलात वाफ होते, दाणा फुटतो आणि तेल अंगावर उडते.

एवढा हट्ट करून मोकळी केलेली ही खिचडी प्रत्येक गाव आपल्या परीने पुन्हा वेगळी करते. कोकणात तिच्यावर ओले खोबरे येते. कोथिंबीर कोणाच्या उपवासाला चालते, कोणाच्या नाही, आणि यावर जावा-जावांचे वाद होतात. विदर्भात तिला साबुदाण्याची उसळ म्हणतात. होळकरांच्या इंदुरात ती कढईत परततच नाहीत. भिजलेला साबुदाणा उकळत्या पाण्याच्या वाफेवर गरम ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की मसाला, लिंबू आणि वर शेव घालून देतात. ती बेसनाची शेव असेल तर उपवासाच्या हिशेबात कुठे बसवायची, ते इंदूरकरांनाच विचारावे. बंगालात भिजवलेला साबू तसाच केळे आणि नारळाबरोबर कालवून उपवासाला खातात. आणि कसाव्याच्या माहेरी, दक्षिण ब्राझीलमध्ये, हेच दाणे साखर-लवंग घातलेल्या तांबड्या वाइनमध्ये शिजवतात आणि जेवणानंतर गोड म्हणून वाढतात.