नव्वद दिवसांच्या आधी सुटताना

पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड बहुतेक ठिकाणी ९० दिवसांचा असतो. नव्या कंपनीला मात्र माणूस महिन्या-दोन महिन्यांत हवा असतो. मधले दिवस सोडून द्या, अशी विनंती करायची वेळ येते ती इथे. ती करताना बहुतेकजण घरच्या अडचणी सांगत बसतात. मॅनेजरच्या डोक्यात त्या वेळी एकच प्रश्न असतो: हा गेल्यावर याचं काम कोण उचलणार?

म्हणून अर्ज लिहिण्याआधी नियुक्तिपत्र काढा आणि नोटीसचं कलम शब्द न् शब्द वाचा. ‘९० दिवसांची नोटीस किंवा त्याऐवजी तेवढ्या दिवसांचा पगार’ असं दोन्ही बाजूंसाठी लिहिलं असेल, तर पैसे भरून लवकर निघण्याची वाट तुम्हाला करारानेच दिलेली आहे. पण पुष्कळ पत्रांत पुढे एक शेपूट असतं: हा पर्याय द्यायचा की नाही, हे कंपनी ठरवेल. मग पैसे तयार ठेवूनही परवानगी लागतेच. वसुली बेसिकवर होणार की पूर्ण पगारावर, हेही त्याच कलमात पाहा.

एक उदाहरण घेऊ. टेस्टिंगचं काम करणाऱ्या एका मुलीने १ सप्टेंबरला पोर्टलवर राजीनामा टाकला. तो दिवस धरून ९० दिवस २९ नोव्हेंबरला संपतात. नव्या कंपनीत तिला ३ नोव्हेंबरला रुजू व्हायचंय, म्हणजे इथला शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर हवा. कमी पडतात २९ दिवस. तिच्या खात्यावर १२ दिवसांची अर्जित रजा आहे. कंपनीने ती नोटीसमध्ये वळती करून घेतली, तर १७ दिवस उरतात. तिचा बेसिक महिना ३६,००० रुपये आणि पूर्ण पगार ९०,००० आहे असं धरू. महिना ३० दिवसांचा मोजला, तर बेसिकवर २०,४०० रुपये भरावे लागतील. पूर्ण पगारावर ५१,०००. कलमातल्या एका शब्दाने एवढा फरक पडतो.

हे आकडे हातात घेऊन ती आधी मॅनेजरशी समोरासमोर बोलते आणि मग मेल पाठवते. मेलमध्ये तीनच गोष्टी असाव्यात: शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर मिळावा ही विनंती, हातातलं कोणतं काम कोणाला, कोणत्या आठवड्यात देणार याचं वेळापत्रक, आणि १२ रजा वळत्या करून उरलेल्या दिवसांची रक्कम भरायची तयारी. माझ्या मते दुसऱ्या गोष्टीत सगळा जोर आहे. ‘१० ऑक्टोबरपर्यंत टेस्ट केसेस लिहून देते, पुढचे दोन आठवडे अमुक सहकाऱ्याला केटी देते, शेवटच्या आठवड्यात तो काम करेल आणि मी सोबत बसेन’ असं लिहिलं, की मॅनेजरला वर उत्तर द्यायला काहीतरी हातात मिळतं. ही विनंती राजीनाम्यापाठोपाठच करावी. ऑक्टोबर अर्धा उलटल्यावर केली, तर केटीलाच वेळ उरत नाही.

घोटाळा होतो तो यानंतर. मॅनेजर तोंडी म्हणतो, ‘बघू, करू काहीतरी’, आणि माणूस त्यावर विसंबून नव्या कंपनीला तारीख कळवून मोकळा होतो. एचआरच्या पोर्टलवर मात्र शेवटचा दिवस २९ नोव्हेंबरच राहतो. पोर्टलवरची तारीख बदलली का आणि एचआरचा मेल आला का, हे दोन्ही पाहिल्याशिवाय मंजुरी मिळाली असं समजू नका.

नकार आला, तर नव्या कंपनीला लगेच आणि खरं सांगा. त्या कंपनीचेही स्वतःचे ९० दिवस असतात, त्यामुळे तारीख पुढे ढकलणं तिला नवं नसतं. काही कंपन्या वसुलीची रक्कम भरूनही देतात. पण वर्षभरात नोकरी सोडली तर ती परत मागितली जाईल, अशी अट ऑफर लेटरमध्ये आहे का, ते वाचून घ्या.

न सांगता निघून जाणं मात्र टाळा. कोणालाही नोकरीवर जबरदस्तीने राबवायचा हुकूम न्यायालय देत नाही, हे खरं. पण कंपनी नोटीसच्या पैशांसाठी मागे लागू शकते आणि रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवू शकते. नवी कंपनी पार्श्वभूमी तपासते तेव्हा नेमकं तेच पत्र मागते. जुन्या नोकरीतून सुटका न होता नवीकडे रुजू झालात, तर पीएफच्या नोंदीत दोन्ही नोकऱ्यांचे दिवस एकमेकांवर चढलेले दिसतात.

निघताना मंजुरीचा मेल, हस्तांतराची यादी आणि अखेरच्या हिशेबाचा कागद आपल्या खासगी ईमेलवर किंवा छापील स्वरूपात जवळ ठेवा, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा मेल बंद होतो.