आजींचा नव्याण्णवचा ताप

"डॉक्टर, आईंचा घसा धरलाय. ताप नाहीये. नेहमीचं औषध लिहून पाठवता का?"

असा फोन आला की माझं लक्ष घशावरून उडून 'ताप नाहीये' या शब्दांवर जातं. चाळिशीतल्या माणसाबद्दल ते ऐकलं तर मी निश्चिंत होते. पण ८४ वर्षांच्या, ४१ किलो वजनाच्या, भिंतीचा आधार घेत घरातल्या घरात फिरणाऱ्या बाईंबद्दल ऐकलं की मी उलट विचारते, "एरवी त्यांचा थर्मामीटर किती दाखवतो? आज जेवल्या किती? आणि बोलतायत ना नेहमीसारख्या?" बहुतेक घरांत पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसतं. बऱ्या असताना कुणी कशाला ताप मोजेल?

पुढे ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या आजी म्हणजे कुणी एकच बाई नव्हेत. माझ्याकडच्या अनेक घरांतले तपशील मी एकत्र केले आहेत. पण क्रम असाच असतो, आणि तो क्रमच समजून घेण्यासारखा आहे.

सोमवारी सकाळी आजींनी भाकरी बाजूला सारली. "घशात टोचतंय," एवढंच म्हणाल्या. सूनबाईंनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या, रात्री हळद घातलेलं दूध दिलं. काखेत थर्मामीटर लावला, ९८.९ आला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मंगळवारी आजींनी फक्त पेज घेतली. चहा पिताना दोनदा ठसका लागला आणि नंतर आवाज घशात पाणी साठल्यासारखा घरघरत राहिला. त्या रात्री बाथरूमला जाताना त्या खाली बसल्या, म्हणजे पाय वळले आणि त्या जमिनीवर टेकल्या. लागलं काही नाही, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. बुधवारी त्या दिवसभर झोपून होत्या. उठवलं की डोळे उघडत, हूं म्हणत, पुन्हा मिटत. संध्याकाळी त्यांनी लेकीला आपल्या कधीच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. घरचे म्हणाले, आजारपणाने थकल्यात, झोपू दे.

मी गेले तेव्हा घसा थोडा लाल होता, जीभ चामड्यासारखी कोरडी, कवळीखाली पांढरे चट्टे. तोंडातून घेतलेला ताप ९९.६. नाडी ७८, अगदी सुरेख. मग मी खुर्ची ओढून शेजारी बसले, त्यांच्या पोटावरच्या पांघरुणाकडे पाहत घड्याळाचं एक मिनिट पूर्ण होऊ दिलं. २८ श्वास. ऑक्सिमीटरवर ९१, चार महिन्यांपूर्वीच्या माझ्या नोंदीत ९६ होते. रक्तदाब १०८, एरवी गोळी घेऊनही १४५च्या आसपास. इस्पितळात एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया.

एवढं मोठं दुखणं छातीत चाललेलं असताना ताप कुठे गेला होता?

ताप जंतू आणत नाहीत, आपलं शरीर तो मुद्दाम चढवतं. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी रक्तातून रासायनिक निरोप धाडतात. मेंदूतलं तापमानाचं केंद्र तो निरोप वाचून काटा वर सरकवतं. मग कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, स्नायू थरथरतात, हुडहुडी भरते आणि अंग तापतं. म्हातारपणी या साखळीतला प्रत्येक दुवा थोडा थोडा सैल झालेला असतो. निरोप क्षीण जातो, मेंदू काटा कमी सरकवतो, आणि थरथरायला स्नायूच उरलेले नसतात. म्हणून गंभीर संसर्ग झालेल्या वृद्धांपैकी २० ते ३० टक्के जणांना ताप येतच नाही, किंवा नावापुरता येतो. मुळात त्यांचं रोजचं तापमानही कमी असतं. या आजींचं ९७.३ होतं. त्यावर ९९.६ म्हणजे दोन अंशांहून जास्त वाढ, आणि अशा नाजूक वृद्धांमध्ये आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा दोन अंश फॅरनहाइट वाढ हा ताप धरायचा असतो. एकदा १००च्या वर गेला, किंवा तोंडातून पुन्हा पुन्हा घेऊन ९९च्या वरच राहिला, तरीही ताप धरायचा. आपल्या मनात १०१, १०२ हे आकडे इतके पक्के बसलेत की ९९ दिसला की आपण थर्मामीटर झटकून डबीत ठेवतो.

त्यात काखेचा आकडा तर फारच फसवा. अंगावर मांस नसलेल्या माणसाच्या काखेत खळगा पडतो, थर्मामीटरचं टोक कातडीला नीट टेकतच नाही. तोंडातून घ्यायचा तर आधीचा पाऊण तास चहा किंवा गार पाणी नको, आणि ओठ मिटून धरता यायला हवेत. शिवाय आजी गुडघ्यांसाठी सकाळ-संध्याकाळ पॅरासिटामॉल ६५० घेत होत्या. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी ताप आणि घशाचं दुखणं दोन्ही झाकते. तापमान गोळीच्या आधी घ्यावं, नंतर नव्हे. त्यांची ती सुरेख ७८ची नाडीही अशीच गोळीने धरून ठेवलेली होती. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखं औषध चालू असेल तर संसर्गात धावायला हवी ती नाडी धावत नाही. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड चालू असेल तर ताप आणखी दबतो.

श्वासाला मात्र असं झाकण सहसा बसत नाही. म्हणूनच थर्मामीटरपेक्षा माझा श्वास मोजण्यावर अधिक भरवसा आहे. त्याला लागतं फक्त सेकंदकाट्याचं घड्याळ. आजी शांत पडलेल्या असताना, त्यांना न सांगता, पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. सांगितलं की माणूस श्वास सांभाळून घेतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, वृद्धांचा श्वास एकसारखा नसतो. विश्रांतीत २५ किंवा त्याहून जास्त आकडा आला तर छातीत काहीतरी आहे असं समजून त्याच दिवशी दाखवायचं, खोकला असो वा नसो.

दुखण्याचंही तसंच. विस्मरण झालेली व्यक्ती 'घसा दुखतो' असं म्हणेलच असं नाही. ती घास गालात धरून ठेवते, कवळी घालू देत नाही, गोळी थुंकून टाकते. आपल्याला तो हट्ट वाटतो. आजींनी सोमवारी भाकरी सारली तेव्हा त्या त्यांच्या परीने सांगत होत्या.

आता बुधवारची ती झोप. आपल्याकडे तापात माणूस बरळायला लागला की 'वात झाला' म्हणत, आणि लोक घाबरून धावत. पण वृद्धांमध्ये बरळणं, हातवारे, उठून पळणं असं काहीच नसलेला वातही असतो, आणि तो ओळखायला अवघड असतो. माणूस गप्प होतो, गुंगीत राहतो, विचारलेल्या प्रश्नाचा धागा सोडतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, शांत झोपल्यात. एक-दोन दिवसांत झालेला बदल आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहणारं भान, ही त्याची खूण. साधी चाचणी घरी करता येते: आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. परवापर्यंत जमत होतं आणि आज शुक्रवारपाशी अडकलं, तर तो थकवा नव्हे. अर्थात असं भान हरपण्यामागे प्रत्येक वेळी जंतूच असतात असंही नाही. सोडियम उतरणं, साखर उतरणं, लघवी तुंबणं, झोपेची नवी गोळी यांनीही हेच होतं, म्हणून रक्तही तपासून घ्यायला हवं. मधुमेही आजी जेवत नसतील आणि साखरेची गोळी मात्र चालू असेल, तर आधी ग्लुकोमीटर हातात घ्या.

घशातून फुप्फुसापर्यंत गोष्ट गेली कशी? घसा दुखतो म्हणून माणूस पाणी कमी पितो. तोंड कोरडं पडतं, लाळ घट्ट होते, कवळीखाली बुरशी आणि जंतू वाढतात. दुखऱ्या, अशक्त घशाला गिळताना वेळ साधत नाही, आणि जंतूंनी भरलेली लाळ चहाच्या घोटाबरोबर श्वासनलिकेत उतरते. तरुणाला अशा वेळी ठसका लागून सगळं बाहेर पडतं. वृद्धाचा ठसका दुबळा असतो. पुष्कळदा लागतच नाही. खाल्ल्यानंतरचा तो ओलसर, घरघरता आवाज हीच काय ती बातमी. म्हणून अशा माणसाला गुळण्या देताना मी घाबरते. मान मागे टाकून पाणी घशात खेळवणं त्यांना झेपत नाही. कोमट पाणी सरळ बसवून चमच्याने द्यावं. आणि दुकानातून आणलेलं सर्दीचं, झोप आणणारं सिरप नकोच. त्याने तोंड आणखी कोरडं पडतं, लघवी अडते आणि भान आणखी ढळतं.

काही वेळा धोका छातीत नसून घशातच असतो, आणि तिथे वाट पाहायला वेळ नसतो. लाळ गिळता येत नाही म्हणून ओघळते आहे, तोंडात गरम घास असल्यासारखा दबका आवाज येतो, आडवं झालं की गुदमरतं, श्वास घेताना शीळ वाजते, हनुवटीखाली किंवा मानेला टणक सूज आहे: यातलं काहीही दिसलं तर १०८ला फोन करायचा. चमचा घालून घसा बघू नये, माणसाला आडवं करू नये. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्झेट, थायरॉइडसाठी कार्बिमाझोल किंवा केमोथेरपी चालू असेल, तर घसा दुखणं ही पांढऱ्या पेशी घसरल्याची पहिली खूण असू शकते. त्याच दिवशी रक्ताची तपासणी हवी, ताप नसला तरी. आणि चालताना आवळणारा, थांबलं की सुटणारा घसा हा घशाचा आजारच नव्हे, तो हृदयाचा असू शकतो.

आजी नवव्या दिवशी घरी आल्या. सलाइन, शिरेतून अँटिबायोटिक, ऑक्सिजन यांनी छाती आठवड्यात सुधारली. भान पूर्ण यायला आणखी तीन आठवडे गेले, आणि चालण्यातला पूर्वीचा आत्मविश्वास परत आला नाही. मंगळवारी आणलं असतं तर कदाचित आला असता, हा विचार मला आजही सोडत नाही. आता कवळी रात्री काढून घासून ठेवतात, तोंड दोन वेळा पुसून घेतात, जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर सूनबाईंच्या अक्षरात आजींचे बरे असतानाचे आकडे आहेत: ताप ९७.३, श्वास १८, ऑक्सिजन ९६, रक्तदाब १४५, सकाळी दीड भाकरी, वार उलटे येतात.

मागच्या पावसाळ्यात त्यांचा पुन्हा फोन आला. "डॉक्टर, आईंचा घसा धरलाय. गोळीच्या आधी ताप ९७.९. श्वास १९, पूर्ण मिनिट मोजला. चहा पिताना ठसका नाही. भाकरी एकच खाल्ली, पण लेकीशी भांडल्या नेहमीसारख्या." मी कुठलंही अँटिबायोटिक लिहिलं नाही. कोमट पाणी, मऊ भात आणि संध्याकाळी पुन्हा श्वास मोजा, एवढंच सांगितलं. संध्याकाळी १८ होता.