बघाराचा हिशेब

फोडणीला बहुतेक मुस्लिम घरांत बघार म्हणतात. तेल तापवायचं, त्यात जिरं, लसूण आणि सुक्या मिरच्या टाकायच्या आणि ते चर्रकन डाळीवर ओतायचं. रमजानमध्ये सहेरीला डाळ-भात करणारी घरं पुष्कळ. पोटाला हलका, आणि झोपेतून उठलेल्या माणसाच्याही गळ्याखाली उतरतो.

सोलापुरातल्या अशाच एका घरात पन्नाशीच्या सुनेला डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं. तिनं पहिल्याच रोज्यापासून स्वतःच्या वाटीतला बघार बंद केला. उकडलेल्या डाळीबरोबर भात जाईना, ताटात निम्मा उरायचा आणि दुपारी बाराच्या आतच हातपाय गळायचे. अखेर कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली, "अम्मी, आधी मोजू तर. मग सोड."

मोजायचं कसं? "दोन पळ्या तेल" याला अर्थ नाही, कारण प्रत्येक घरची पळी वेगळी. तिनं वजनकाट्यावर तेलाची बाटली ठेवली. बघाराआधी ८४६ ग्रॅम, नंतर ८०९. म्हणजे ३७ ग्रॅम तेल गेलं. कोणतंही तेल घ्या, एका ग्रॅमला साधारण ९ कॅलरी धरायच्या. तुपाचंही जवळपास तेवढंच, त्यामुळे तेलाऐवजी तूप घेतल्यानं आकडा उतरत नाही. गरम केल्यानं तेलातल्या कॅलरी उडूनही जात नाहीत. ३७ ग्रॅमच्या झाल्या ३३३.

बाकीचं किती? चमचाभर जिरं, सहा पाकळ्या लसूण, चार सुक्या मिरच्या, सगळं मिळून फार तर ४०. ज्या लसणाकडे आणि मिरचीकडे ती इतके दिवस संशयानं पाहत होती, त्यांचा या गुन्ह्यात हातच नव्हता. दर दहा कॅलरींतल्या नऊ तेलाच्या.

डाळ २०० ग्रॅम तुरीची, तिच्या साधारण ६८०. पाच वाट्या केल्या तर वाटीमागे डाळीच्या १३६ आणि बघाराच्या ७५. फार नाहीत, इफ्तारच्या दोन-तीन भज्यांत एवढ्या सहज जातात. पण दिवसातून दोन वेळा, महिनाभर, म्हणजे दुर्लक्ष करण्याइतक्याही कमी नाहीत.

मग ३७ ग्रॅम तेल लागत तरी का होतं? कढईमुळे. रुंद कढईत तेल पसरतं आणि जिरं बुडेपर्यंत आपण ओतत राहतो. जिऱ्या-लसणाचा वास तेलात उतरतो हे खरं, पण त्यासाठी ते तेलात बुडले की पुरतं. लहान, खोलगट लोखंडी कढल्यात दोन चहाचे चमचे, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास तेलात जिरं बुडतं. कढलं जरा कलतं धरलं तर लसूणही. बघार आला १२१ कॅलरींवर, वाटीमागे २४.

थोड्या तेलाची एक अडचण आहे: ते भराभर तापतं. पहिल्या दिवशी लसूण एका बाजूनं काळा झाला, डाळ कडू लागली. म्हणून जिरं तडतडलं की आच अगदी मंद करायची, लसूण ठेचण्याऐवजी सारख्या जाडीचे काप करून टाकायचा आणि कडा फिक्या सोनेरी दिसताच गॅस बंद. पुढचा रंग उरलेल्या उष्णतेवर येतो. मिरच्या त्यानंतर. शेवटी कढल्यातच पळीभर डाळ घालून फिरवायची, म्हणजे तळाला चिकटलेलं तेल आणि वास दोन्ही पातेल्यात येतात. याहून कमी तेलात मात्र जिरं बुडत नाही, नुसतं करपतं. तिथं कंजुषी करून उपयोग नाही.

वाटीमागचा आकडा खरा ठरतो तो डाळ ढवळून वाढली तरच. तेल वर तरंगतं, त्यामुळे न ढवळता वरून घेतलेल्या पहिल्या वाटीत ते जास्त जातं. या घरात दादाजानना वरची वाटी मिळते. ऐंशी उलटलेले, अंगावर मांस उरलेलं नाही, त्यांना तेवढं तेल हवंच आहे. त्यानंतर पातेलं ढवळून बाकीच्यांना.

आता राहिली रात्रीची डाळ. इफ्तारनंतर केलेली डाळ सहेरीला आटून घट्ट झालेली असते, मग तिच्यात पाणी घालून उकळी आणतात आणि चव परत यावी म्हणून वरून पुन्हा बघार देतात. रात्रीचं तेल त्या डाळीत आहेच. मुलीनं यावर उपाय काढला: रात्री लागेल तेवढीच डाळ काढून तिला बघार द्यायचा, उरलेली साधी ठेवायची आणि पहाटे तिच्यावर पहिलाच बघार ओतायचा.