‘छान आहे’च्या पुढे

नववीच्या मुलांना एकमेकांचे निबंध वाचायला दिले, की शेरा ठरलेला: ‘छान आहे’, नाहीतर ऱ्हस्व-दीर्घावर लाल गोल. म्हणून वाचणाऱ्या मुलांना द्यायच्या तपासयादीत हो-नाही उत्तराचे प्रश्न नकोतच. तीन कामं पुरतात: मुख्य मुद्दा सांगणारं वाक्य अधोरेखित करणं, अडखळलो तिथे प्रश्नचिन्ह टाकणं आणि लिहिणाऱ्याला एक प्रश्न विचारणं. आधी शिक्षकांनी एखादा निनावी कच्चा खर्डा फळ्यावर घेऊन हे करून दाखवावं. ‘गावची जत्रा मजेशीर असते’ या वाक्यापुढे ‘अजून लिही’ म्हणणं फुकट. ‘मजा कशात, पाळण्यात की कुस्त्यांत?’ असं विचारलं, की पुढचं वाक्य सुचतं. दोघा वाचकांनी वेगवेगळी वाक्यं अधोरेखित केली, तर बहुधा मुद्दाच धूसर असतो. शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यात बघता येतं.