मोठं नोझल, जाड लाइन : तिफणीचं चाडं ९ तासांवरून ६ तासांवर कसं आलं?

बुलढाणा जिल्ह्यातून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा लिहूनही टाकलाय. आकडे थोडे आहेत, म्हणून हा भाग वाचलात तर जास्त बरं.

आज विषय एकच आहे. थ्रीडी प्रिंटरवर मोठी, जाडजूड, कामाची वस्तू लवकर कशी काढायची? यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : ०.४ चं नोझल काढा, ०.८ चं लावा, वेळ चौपट कमी होईल. माझं म्हणणं असं की चौपट होत नाही. आणि ते का होत नाही हे एकदा कळलं, की वेळ खरोखर कुठून वाचवायचा तेही कळतं.

उदाहरण आपल्या शेतातलंच घेऊ. तिफणीचं चाडं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : पेरताना ज्या वाडग्यात मुठीनं बियाणं सोडतात ते चाडं. त्याच्या बुडाला तीन भोकं, प्रत्येक भोकातून एक नळी, आणि नळी खाली फणापर्यंत. ट्रॅक्टर आले तरी लहान वावरात, बांधाच्या कडेला तिफण अजून चालते. आमच्या शेजारच्या काकांचं लाकडी चाडं तडकलं होतं आणि मृग तोंडावर आला होता. पाऊस पडला की वापसा येईपर्यंत सगळी तयारी हवी. वापसा कुणासाठी थांबत नाही.

डिझाइन साधं केलं. खाली १०० मिमी व्यासाचा आणि २५ मिमी उंचीचा ठोकळा, त्यात नळ्यांची तीन भोकं. वर १२० मिमी उंच वाडगं, तोंडाशी १८० मिमी व्यास. भिंत ३.६ मिमी जाड. बियाणं तिन्हीकडे सारखं जावं म्हणून मधोमध छोटा उंचवटा. प्लास्टिक पीईटीजी, कारण उन्हात ठेवलेली वस्तू पीएलएची असेल तर ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तेवढं तापायला वेळ लागत नाही. एकूण प्लास्टिक साधारण २,६०,००० घन मिमी, म्हणजे ३३० ग्रॅम.

आता हिशेब. प्रिंटर सेकंदाला किती प्लास्टिक सोडतो हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं : लाइनची रुंदी, लेयरची उंची आणि वेग. ०.४ च्या नोझलवर नेहमीची सेटिंग काय असते? रुंदी ०.४५, उंची ०.२, वेग ६०. गुणाकार ५.४ घन मिमी प्रति सेकंद. २,६०,००० ला ५.४ नं भागा, १३ तासांच्या वर जातं. आमच्याकडे १३ तास सलग लाइट राहील याची हमी कोण देणार?

मग ०.८ चं नोझल लावलं, रुंदी ०.९ केली, उंची ०.४. दोन्ही दुप्पट, म्हणून लाइनचा छेद चौपट. वेग तोच ६० ठेवला तर गुणाकार येतो २१.६. कागदावर सव्वातीन तासात चाडं तयार! पण मशीनवर असं चालवलं की एक्स्ट्रूडर टक्‌ टक्‌ वाजायला लागतो, भिंतीत फटी दिसतात आणि लेयर हातानं सुटे होतात.

असं का होतं? फिलामेंट हॉटेंडमधून जाताना त्याला गरम व्हायला थोडीच जागा मिळते. जाड भाकर मोठ्या जाळावर टाकली की वरून करपते, आत कच्ची राहते, तसंच हे. तारेची बाहेरची बाजू वितळते, पण गाभ्यापर्यंत उष्णता पोचायच्या आत मागून नवी तार ढकलली जाते. नोझलचं भोक मोठं केल्यानं बाहेर पडायची वाट रुंद झाली, चुलीचा जाळ वाढला नाही. म्हणजे अडचण आता भोकात नाही, वितळवण्यात आहे. आजच्या एपिसोडमधली हीच एक गोष्ट लक्षात ठेवा.

म्हणून पहिलं काम : आपलं मशीन सेकंदाला किती वितळवतं ते मोजायचं. नोझल हवेत वर ठेवा आणि हे पाठवा :

```
M83
M109 S240
G1 E100 F250
G1 E100 F250
```

यात २०० मिमी फिलामेंट बाहेर येतं. १.७५ च्या तारेसाठी हिशेब सोपा आहे : F चा आकडा गुणिले ०.०४ म्हणजे घन मिमी प्रति सेकंद. F150 म्हणजे ६, F200 म्हणजे ८, F250 म्हणजे १०, F300 म्हणजे १२. प्रत्येक वेगाला बाहेर आलेला गुंता वेगळा ठेवा आणि तोला. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. खामगावच्या चांदीच्या बाजारात असतो तसलाच, पण खिशातला. २०० मिमी पीईटीजीचं वजन ०.६१ ग्रॅम भरायला हवं.

आमच्या मशीनवर F150 ला ०.६१ आलं, F200 ला ०.६०, F250 ला ०.५८, आणि F300 ला ०.५१ व सोबत टक्‌ टक्‌. म्हणजे १० च्या आसपास मशीन दमायला लागतं. हवेत प्लास्टिक मोकळं पडतं. प्रत्यक्ष प्रिंटमध्ये खालच्या लेयरचा दाब असतो, म्हणून मोजलेल्या आकड्याच्या ८० टक्केच धरायचे. आमचे झाले ८. हा आकडा स्लायसरमध्ये Max volumetric speed या खान्यात टाकायचा, मग स्लायसर वेग स्वतःच कमी करतो. ०.९ गुणिले ०.४ रुंदी-उंचीला ८ चा प्रवाह म्हणजे वेग फक्त २२. वेळ ९ तास.

इथं कुणी हुशार माणूस विचारेल : भाऊ, ८ च घ्यायचे तर ०.४ च्या नोझलवर वेग ८९ करा, तेवढेच ९ तास! कागदावर बरोबर आहे. पण ८९ चा वेग गाठायला सरळ लांब वाट लागते. कोपरे, भोकं, छोट्या कडा यांत मशीन सारखं थांबतं, पळतं, हलतं. शिवाय लेयर ०.२ चे असल्यानं ७२५ लागतात, ०.४ चे ३६३ पुरतात. दर लेयरला नोझलची उचल-ठेव आणि जोडाची खूण असते, तीही निम्मी. मोठ्या नोझलचा खरा फायदा हा : तेवढंच प्लास्टिक ते संथपणे टाकतं, म्हणून मशीन कागदावरचा वेळ खरोखर पाळतं. आणि ३.६ मिमीची भिंत आठ बारीक लाइनींऐवजी चार जाड लाइनींत होते, म्हणजे सांधे कमी.

आता ९ चे ६ कसे झाले? जाळ वाढवून. यासाठी दोन रस्ते आहेत. एक, व्होल्कॅनोसारखा लांब हीटर ब्लॉक, ज्यात तार जास्त वेळ गरम होते. दुसरा, सीएचटी प्रकारचं नोझल, ज्यात आतमध्येच तार तीन धारांत फुटते आणि गाभ्यालाही उष्णता लागते. आम्ही दुसरा घेतला. तोच तोलायचा खेळ पुन्हा केला, मर्यादा १५ च्या आसपास आली, त्यातले १२ वापरले. वेग ३३, वेळ ६ तास. तापमान वाढवूनही थोडं मिळतं, पण हॉटेंडमध्ये पीटीएफई नळी आतपर्यंत असेल तर २४० च्या वर जाऊ नका.

रुंदी आणि उंची ठरवताना दोन मर्यादा पाळा. लेयरची उंची नोझलच्या तीन चतुर्थांशापेक्षा जास्त नको, म्हणजे ०.८ ला ०.६ पर्यंत. त्याच्या वर गेलं की लाइन खालच्या लेयरवर दाबली जात नाही, नुसती ठेवली जाते, आणि चाडं आपटलं की तिथंच फुटतं. रुंदी मात्र भोकापेक्षा थोडी जास्त चालते, कारण भोकाभोवतीची सपाट कड प्लास्टिक पसरवते. ०.८ ला ०.९ ते १.० सहज जमतं.

फ्लोची टक्केवारी ही वेगळी गोष्ट आहे, ती सगळ्यात शेवटी हलवायची. एका लाइनच्या भिंतीचा छोटा चौकोन प्रिंट करा, व्हर्निअरनं चारही बाजू मोजा. ०.९० हवं आणि ०.९५ आलं तर ०.९० भागिले ०.९५, म्हणजे फ्लो ९५ टक्क्यांच्या आसपास. पण लक्षात घ्या, भिंत वेग वाढवल्यावरच पातळ येत असेल तर तो फ्लोचा दोष नाही, वितळण्याची मर्यादा आहे. तिथं फ्लो वाढवला की टक्‌ टक्‌ आणखी वाढते. ओळखायचं सोपं : वेग निम्मा करा, भिंत भरून आली तर अडचण वितळण्याची.

दोन जागा जपाव्या लागल्या. पहिली, मधला उंचवटा. वर जाताना त्याचा घेर कमी होतो. जाड लाइन उष्णता धरून ठेवते आणि थंड व्हायच्या आत पुढची येऊन बसली की टोक मेणबत्तीसारखं वितळतं. पूर्ण चाडं एकत्र छापताना भोवती वाडग्याची लांब भिंत असल्यानं लेयरला वेळ मिळतोच, पण उंचवटा सुटा छापून पाहाल तर लेयरला किमान १५ सेकंद द्या. टोक आम्ही बोथटच ठेवलं. दुसरी जागा नळीची भोकं. मोठ्या नोझलनं भोक डिझाइनपेक्षा लहान येतं. ३२ मिमी नळीसाठी आम्ही आधी ५ मिमी उंचीची नुसती एक कडी छापली आणि नळी घालून पाहिली. व्यासात अर्धा मिमी वाढवल्यावर ती हाताच्या दाबानं बसली. काही मिनिटांची कडी सहा तासांचं काम वाचवते.

आणि जे मिळत नाही तेही सांगतो. वाडग्यावर पायऱ्या दिसतात, बोट फिरवलं की जाणवतात. बारीक अक्षरं, बारीक आटे या नोझलवर जमत नाहीत. प्लास्टिक ३३० ग्रॅमच लागतं, खर्च वाचत नाही, वाचतो तो वेळ. वाडग्याच्या भिंतीचा उतार मात्र मुळीच अडचणीचा नव्हता : १२० मिमी उंचीत ४० मिमी बाहेर, म्हणजे दर लेयरला ०.१३ मिमी सरकायचं. लाइन ०.९ रुंद, त्यामुळे प्रत्येक लाइन खालच्या लाइनीवर जवळजवळ पूर्ण बसलेली. सपोर्ट लागला नाही.

काकांनी चाडं हातात घेतलं, उलटं करून भोकांतून उजेड पाहिला, ओंजळभर सोयाबीन टाकलं आणि तिन्ही नळ्यांखाली वाट्या ठेवल्या. वाट्या सारख्या भरल्या तेव्हा म्हणाले, "दिसाले काही खास नाही, पन चालते." कामाच्या वस्तूला याच्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही.

तुमच्या मशीनवर F200 आणि F250 ला किती ग्रॅम आलं ते आकड्यांसकट कळवा, हॉटेंड कोणतं तेही लिहा. पुढच्या भागात पीईटीजी दमट हवेत का खराब होतं आणि पावसाळ्यात ते कोरडं कसं ठेवायचं ते बघू. भेटू.